तेच ते उत्तर आणि तक्रार बंद: वरिष्ठांना ईमेल लिहायचा तर नेमका कसा?

अनघा_मिरज

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं की सल्लाही अर्धवट मिळतो.

बाबांनी ३ जूनला दुसऱ्या एका बँकेच्या एटीएममधून ₹१०,००० काढायचा प्रयत्न केला. यंत्राने नोटा मोजल्याचा आवाज आला, झडप थरथरली, पण पैसे बाहेर आलेच नाहीत. पडदा पहिल्या पानावर परत गेला. पावती नाही. पाच मिनिटांत खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज मात्र आला. बाबा तिथेच बराच वेळ उभे राहिले, आतल्या सुरक्षारक्षकालाही दाखवलं. त्याने "बँकेत सांगा" म्हणून सांगितलं.

त्याच संध्याकाळी आमच्या बँकेच्या ॲपवरून तक्रार केली. काही दिवसांनी उत्तर आलं: "आपला व्यवहार यशस्वी झाल्याचे संबंधित बँकेने कळवले आहे. तक्रार बंद करत आहोत. आम्हाला सेवेची संधी दिल्याबद्दल धन्यवाद." पुन्हा लिहिलं, पुन्हा हेच. कस्टमर केअरला फोन केला, तिथली मुलगी अगदी नम्रपणे हेच वाक्य वाचते. शाखेत गेले तर म्हणतात, "मॅडम, सिस्टीममध्ये क्लोज दाखवतंय, आम्ही काही करू शकत नाही." दरवेळी नवा तक्रार क्रमांक मिळतो आणि दरवेळी तो "निराकरण झाले" म्हणून बंद होतो. निराकरण कसलं? पैसे तर आलेले नाहीत.

आता थेट एमडींना ईमेल लिहायचा विचार आहे. दोन पानी मसुदा तयार आहे. बाबा निवृत्त शिक्षक आहेत, तीस वर्षांपासून याच बँकेत खातं आहे, या वयात त्यांना किती मनस्ताप झाला, सगळं लिहिलंय. कोणी असा ईमेल लिहून उपयोग झाला आहे का? कोणाला पाठवायचा आणि काय लिहायचं?

दुबईकर_देशपांडे

ईमेल कोण वाचतं आजकाल? एक्सवर बँकेला आणि एमडीला टॅग करा. दोन तासांत फोन येतो. माझ्या क्रेडिट कार्डाच्या वेळी आला होता.

सुहास_ठाणे

अनघाताई, तुमची बाजू भक्कम आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक बघा. ग्राहकाने ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याची जबाबदारी शून्य, आणि चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर. तुम्ही तर त्याच दिवशी कळवलंय. ईमेलमध्ये हे परिपत्रक ठळक अक्षरात टाका, बँक सुतासारखी सरळ येईल.

जुना_रोखपाल

सुहासराव, थांबा. ते परिपत्रक आहे खरं, पण ते अनधिकृत व्यवहारांसाठी, म्हणजे तुमच्या कार्डावरून दुसऱ्याच कोणी पैसे काढले तर. इथे कार्ड अनघाताईंच्या वडिलांचं, पिन त्यांनीच टाकला, यंत्रासमोर तेच उभे होते. ते परिपत्रक ईमेलमध्ये आलं की तक्रार फसवणुकीच्या विभागाकडे वळते. ते लोक कार्ड ब्लॉक करतात, "पिन कोणाला सांगितला होता का" असं विचारतात, आणि मूळ मुद्दा पडतो बाजूला. मी बँकेत एटीएमच्या ताळमेळाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत. अशा वळलेल्या तक्रारी महिनोन्महिने फिरताना पाहिल्या आहेत.

तुम्हाला लागू पडतं ते २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक. एटीएममधून पैसे न येता खात्यातून वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत रक्कम परत जमा व्हायला हवी. हे कॅलेंडरचे दिवस, सुट्ट्या धरून. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला ₹१०० भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता खात्यात जमा करायची असते.

आता मूळ प्रश्न. तुमचा दोन पानी मसुदा पाठवू नका. बाबांचा मनस्ताप खरा आहे, त्याबद्दल शंका नाही. पण तो ईमेल वाचणाऱ्याला करण्यासारखं त्यात काही सापडणार नाही. तो "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" असं लिहून खालच्याच टेबलाकडे ढकलेल, आणि खालचं टेबल तेच वाक्य परत पाठवेल. ज्या प्रश्नाचं उत्तर त्या ठरलेल्या वाक्यात बसत नाही, तोच प्रश्न विचारायचा. तो कोणता, ते संध्याकाळी सविस्तर लिहितो.

पल्लवी_नाशिक

माझंही अगदी हेच चाललंय. ब्रॉडबँड रोज रात्री बंद पडतं. तक्रार केली की "राउटर रीस्टार्ट करा" आणि तासाभरात "तुमची तक्रार सोडवली आहे" असा मेसेज. कंपनीच्या एमडीचा ईमेल कोणाकडे आहे का?

हेडफोन_उतरवलेला

पल्लवीताई, तुमचा रस्ता वेगळा आहे. टेलिकॉम कंपन्यांना ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीचा डॉकेट क्रमांक द्यावा लागतो, आणि त्या उत्तराने समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याचा ईमेल कंपनीच्या वेबसाइटवर असतो. एमडीच्या आधी तिथे जा. अपिलाला मुदत असते, त्यामुळे डॉकेट क्रमांकाचा मेसेज डिलीट करू नका.

अनघाताई, मी काही वर्षं एका कॉल सेंटरमध्ये बँकेच्याच कामावर होतो, म्हणून खुर्चीच्या पलीकडून कसं दिसतं ते सांगतो. पहिल्या फळीतल्या मुलाला तुमच्या खात्यावर "व्यवहार यशस्वी" किंवा "व्यवहार अयशस्वी" एवढंच दिसतं. एटीएमच्या आतलं त्याला काहीच दिसत नाही. "यशस्वी" दिसलं की कोणतं उत्तर पाठवायचं ते आधीच लिहून ठेवलेलं असतं, त्याने फक्त निवडायचं. त्याचं मोजमाप होतं ते किती तक्रारी मुदतीत बंद केल्या यावर. तुमचे पैसे आले की नाही यावर होत नाही. त्याच्यावर चिडून काही हाती लागत नाही. त्याला अधिकारच नसतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दरवेळी नवी तक्रार करू नका. नवा क्रमांक म्हणजे नवीन मुदत. सिस्टीमला वाटतं हा आज आलेला ग्राहक आहे. जुनी तक्रार "सोडवली" या रकान्यात जाऊन बसलेली असते, ती कोणी उघडत नाही. पहिल्या क्रमांकालाच चिकटून राहा. ईमेलच्या विषयात तोच क्रमांक, दरवेळी.

अनघा_मिरज

@जुना_रोखपाल, काका, वाट बघतेय. @हेडफोन_उतरवलेला, हे कोणीच सांगितलं नव्हतं. शाखेतले तर स्वतःच म्हणाले की ॲपवर नवी तक्रार टाका.

ॲड_करवीर

सरळ वकिलाची नोटीस पाठवा आणि ग्राहक आयोगात जा. ईमेल-बिमेल म्हणजे वेळकाढूपणा. बँकांना कायद्याचीच भाषा कळते.

जुना_रोखपाल

करवीरसाहेब, ₹१०,००० साठी आयोग हा शेवटचा रस्ता आहे, पहिला नाही. त्यात एक अडचणही आहे. तोच वाद आयोगात किंवा कोर्टात चालू असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तक्रार घेत नाही. लोकपालाकडे वकिलामार्फत केलेली तक्रारही चालत नाही, स्वतः करावी लागते किंवा वकील नसलेला प्रतिनिधी नेमावा लागतो. तिथे फी नाही. तो दरवाजा आधीच का बंद करून घ्यायचा?

आता एटीएमच्या आत काय होतं ते बघू. त्यावरच ईमेल उभा राहणार आहे.

तुम्ही रक्कम टाकता तेव्हा यंत्र बँकांना जोडणाऱ्या स्विचला विचारतं, स्विच तुमच्या बँकेला विचारतो, तुमची बँक खात्यातून रक्कम वजा करून "द्या" म्हणते. इथपर्यंत झालं की नोंदीत व्यवहार मंजूर. यानंतर यंत्राने कॅसेटमधून नोटा ओढायच्या, झडपेपर्यंत आणायच्या, झडप उघडायची. या शेवटच्या भागात नोट अडकली तर यंत्राने "पैसे दिले नाहीत" असा उलटा निरोप धाडायचा असतो, मग रक्कम आपोआप परत येते. तो निरोप गेला नाही, मध्येच संपर्क तुटला किंवा यंत्र रीस्टार्ट झालं, तर स्विचच्या लेखी व्यवहार यशस्वीच राहतो. तुम्हाला आलेलं उत्तर त्या नोंदीवरून आलेलं आहे. ते खोटं नाही. फक्त नोटा हातात पडल्या की नाही, याबद्दल ती नोंद काहीच सांगत नाही.

ते सांगणाऱ्या तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे यंत्राची स्वतःची दैनंदिनी, तिला आम्ही ईजे लॉग म्हणायचो. कोणत्या कॅसेटमधून किती नोटा ओढल्या, किती नाकारल्या, झडपेत काय अडथळा आला, हे सगळं सेकंदासकट तिच्यात उतरतं. दुसरी गोष्ट रोकड ताळमेळ. एटीएममध्ये पैसे भरणारे लोक पुढच्या वेळी येतात तेव्हा शिल्लक आणि रिजेक्ट बिनमधल्या नोटा मोजतात. तुमचे ₹१०,००० बाहेर गेले नसतील तर तिथे हिशेबापेक्षा तेवढी रक्कम जास्त निघायला हवी. तिसरी गोष्ट कॅमेऱ्याचं चित्रण. ते बहुतेकदा ग्राहकाच्या हातात देत नाहीत आणि कायमचं ठेवतही नाहीत. म्हणून "चित्रण द्या" यापेक्षा "चित्रण जपून ठेवण्यास संबंधित बँकेला कळवा" असं लिहायचं, आणि लवकर लिहायचं.

या तिन्ही गोष्टी एटीएम ज्या बँकेचं आहे तिच्याकडे असतात, तुमच्या बँकेकडे नसतात. पण तुम्ही भांडायचं तुमच्याच बँकेशी. एटीएमवाल्या बँकेत गेलात तर ते "तुमच्या बँकेत जा" म्हणतील, आणि ते बरोबर आहे. तुमची बँक एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या, व्यवस्थेतून त्यांच्यावर चार्जबॅक टाकते, म्हणजे रक्कम परत मागते. ते ईजे जोडून नाकारतात किंवा मान्य करतात. नाकारलं तरी तुमच्या बँकेला पुढच्या पायरीवर वाद नेता येतो. बहुतेक प्रकरणं पहिल्या नकारावरच सोडून दिली जातात, कारण पुढे नेण्यासाठी कोणीतरी माणसाने तो ईजे उघडून वाचावा लागतो.

म्हणून प्रश्न हा: "आपण चार्जबॅक कोणत्या तारखेला केला, उत्तरादाखल आलेल्या ईजे लॉगची प्रत मला द्या, आणि त्या दिवशीच्या रोकड ताळमेळात जादा रक्कम निघाली का ते कळवा." यावर "व्यवहार यशस्वी" हे उत्तर होऊच शकत नाही.

सुहास_ठाणे

काका, २०१७ चा मुद्दा मान्य. पण ईजे लॉग ग्राहकाला देतात का? मला तर वाटतं ती अंतर्गत कागदपत्रं आहेत, मागितली तरी देणार नाहीत.

जुना_रोखपाल

काही बँका सहज देतात, काही टाळतात. नाही दिला तरी मागणी लेखी झालेली असते, आणि पुढे लोकपालाने मागितला की बँकेला द्यावाच लागतो. बँकेत वरच्या पातळीवर तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. ईजेमध्ये "नोट अडकली" असं दिसत असेल तर तो ते पान लोकपालासमोर ठेवण्यापेक्षा पैसे जमा करेल.

वैशाली_कुलकर्णी_पुणे

एमडींना पाठवायचा की नोडल अधिकाऱ्याला? माझ्या मिस्टरांनी गृहकर्जाच्या वेळी चेअरमनपासून शाखाधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना एकाच ईमेलमध्ये घातलं होतं. कोणीच उत्तर दिलं नाही. प्रत्येकाला वाटलं दुसरा देईल.

हेडफोन_उतरवलेला

वैशालीताईंनी नेमकं बोट ठेवलंय. "प्रति"मध्ये एकच माणूस हवा, प्रधान नोडल अधिकारी. त्यांचं नाव आणि ईमेल बँकेच्या वेबसाइटवर तक्रार निवारणाच्या पानावर असतो. एमडींचं कार्यालय प्रतीमध्ये, तेही वेबसाइटवर किंवा वार्षिक अहवालात दिलेला पत्ता असेल तरच. नाव, टिंब, आडनाव असा अंदाजाने बनवलेला पत्ता परत येतो किंवा भलत्याच कोणाला जातो, आणि त्यात खाते क्रमांक असेल तर नसती आफत.

एमडी स्वतः वाचत नाहीत. त्यांच्या कार्यालयाच्या तक्रारी बघणारी छोटी टीम असते. पण त्या टीमच्या हातात आमच्यासारखी ठरलेली उत्तरं नसतात, आणि तिथून खाली गेलेला ईमेल लाल खुणेने येतो. आमच्याकडे तो आला की टीम लीडर स्वतः बसायचा.

दुबईकर_देशपांडे

म्हणजे शेवटी एमडीला पाठवूनच काम होतं की. मग मी एक्स म्हटलं त्यात काय वेगळं?

हेडफोन_उतरवलेला

वेगळं असं की एक्सवर उत्तर देणारी टीम बहुतेक ठिकाणी पहिल्या फळीचीच असते. तुम्हाला फोन लवकर येतो, पण फोन करणाऱ्याला दिसतं तेच "यशस्वी". शिवाय बँकेला टॅग करून तक्रार टाकली की बँकेच्या नावाची खोटी खाती लगेच उत्तर देतात, लिंक पाठवतात, ओटीपी मागतात. अनघाताईंच्या बाबांना असा फोन गेला तर? क्रेडिट कार्डाचं शुल्क परत मिळवायला एक्स ठीक असेल, पण ईजे मागायला नाही.

दुबईकर_देशपांडे

खोट्या खात्यांचा मुद्दा पटला. तरी सार्वजनिक दबावाचा उपयोग होतो या मतावर मी ठाम आहे.

निनाद_गोवा

रोखपालकाका, एक शंका. नोडल अधिकाऱ्यानेही तेच उत्तर दिलं तर? आमच्या पणजीच्या शाखेतून माझ्या आईला नोडलकडूनही शब्दशः तेच वाक्य आलं होतं.

जुना_रोखपाल

निनाद, इथे एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. मोठ्या बँकांमध्ये अंतर्गत लोकपाल असतो. बँकेने तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळली तर अंतिम उत्तर देण्यापूर्वी ती त्याच्याकडे आपोआप जायला हवी, आणि त्याने ती तपासली असा उल्लेख ग्राहकाला दिलेल्या उत्तरात हवा. ग्राहकाला त्याच्याकडे थेट जाता येत नाही.

आता गंमत बघा. तक्रार "फेटाळली" म्हणून बंद झाली तरच ती त्याच्याकडे जाते. "निराकरण झाले" किंवा "माहिती दिली" म्हणून बंद झाली तर जात नाही. अनघाताईंच्या सगळ्या तक्रारी "निराकरण झाले" म्हणून बंद झाल्या आहेत, म्हणजे बँकेबाहेरच्या नजरेने पाहणाऱ्या माणसापर्यंत त्या पोचल्याच नाहीत. मार्च २०२५ मध्ये लोकपालांच्या वार्षिक परिषदेत गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी तक्रारींच्या चुकीच्या वर्गीकरणावर बोट ठेवलं होतं, ते याच जातीचं दुखणं.

म्हणून ईमेलमध्ये एक वाक्य घालाच: "माझी तक्रार निराकरण झाले म्हणून बंद केली आहे, प्रत्यक्षात मागणी मान्य झालेली नाही. आपण ती फेटाळत असाल तर तसे स्पष्ट लिहा आणि अंतर्गत लोकपालांनी ती तपासली आहे का ते कळवा." हे वाक्य वाचणाऱ्याला समजतं की समोरच्याला पुढची वाट ठाऊक आहे.

अनघा_मिरज

काका, हेडफोन, सगळ्यांचं ऐकून जुना मसुदा बाजूला ठेवला आणि नवा लिहिला. बघाल का? विषय आणि मजकूर जसाच्या तसा देते, क्रमांक तेवढे काढलेत.

> विषय: तक्रार क्र. ….. (३ जून) चुकीने बंद – एटीएममधून ₹१०,००० मिळाले नाहीत – ईजे लॉगची मागणी
>
> प्रति, प्रधान नोडल अधिकारी. प्रत: व्यवस्थापकीय संचालकांचे कार्यालय.
>
> महोदय/महोदया,
>
> माझ्या वडिलांच्या खात्यातून (शेवटचे चार अंक …..) ३ जून रोजी सकाळी ११.२० वाजता मिरज येथील अन्य बँकेच्या एटीएमवर (एटीएम क्र. ….., संदर्भ क्र. …..) ₹१०,००० वजा झाले. रोख मिळाली नाही. त्याच दिवशी वरील क्रमांकाची तक्रार केली.
>
> तक्रार आणि त्यानंतरच्या सर्व तक्रारी "व्यवहार यशस्वी" या एकाच उत्तराने, निराकरण झाले असे नोंदवून बंद केल्या आहेत. उत्तरांच्या प्रती जोडल्या आहेत. या उत्तरांत यंत्रातून नोटा बाहेर पडल्याचा कोणताही पुरावा नाही.
>
> कृपया पुढील गोष्टी कळवाव्यात. चार्जबॅक कोणत्या तारखेला केला. संबंधित बँकेने पाठवलेल्या ईजे लॉगची प्रत. त्यानंतरच्या पहिल्या रोकड ताळमेळात जादा रक्कम आढळली का. तसेच त्या वेळेचे सीसीटीव्ही चित्रण जतन करण्यास संबंधित बँकेला आजच कळवावे.
>
> मागणी: ₹१०,००० आणि रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ९ जूनपासून दररोज ₹१०० भरपाई. मागणी फेटाळत असाल तर तसे स्पष्ट लिहून अंतर्गत लोकपालांनी ती तपासली आहे का ते कळवावे.
>
> पहिल्या तक्रारीपासून ३० दिवस ३ जुलै रोजी पूर्ण होतात. त्यानंतर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करीन.

जुना_रोखपाल

उत्तम. दोन बारीक गोष्टी. खातं वडिलांचं आहे, तेव्हा ईमेल त्यांच्या नोंदवलेल्या पत्त्यावरून जाऊ द्या, किंवा त्यांच्या सहीचं अधिकारपत्र जोडा. नाहीतर "खातेदाराव्यतिरिक्त माहिती देता येत नाही" हे आणखी एक तयार उत्तर त्यांच्याकडे आहेच. संदर्भ क्रमांक आरआरएनच आहे ना, बारा आकडी? पासबुकात किंवा स्टेटमेंटमध्ये व्यवहारासमोर सापडेल. ईजेमध्ये व्यवहार शोधताना तो लागतो.

ॲड_करवीर

मसुदा चांगला झालाय, हे मान्य करतो. मुदत आणि मागणी स्पष्ट आहे. शेवटच्या ओळीत धमकी नाही, माहिती आहे, ते बरं केलं.

वैशाली_कुलकर्णी_पुणे

मराठीत पाठवला तर चालेल का? की इंग्रजीच हवा?

जुना_रोखपाल

बँकेच्या मुख्यालयात कोण बसलंय त्यावर आहे. मी दोन्ही भाषांत पाठवीन, वर इंग्रजी आणि खाली मराठी. लोकपालाचं म्हणाल तर चंदीगडच्या केंद्रात ईमेल आणि टपालाने आलेल्या तक्रारी कोणत्याही भाषेत घेतात. ऑनलाइन करायची तर cms.rbi.org.in, आणि काही विचारायचं असेल तर १४४४८.

अनघा_मिरज

सगळ्यांना कळवायला आले. बाबांच्या ईमेलवरून पाठवला. आधी नेहमीसारखं आपोआप आलेलं उत्तर आलं आणि पोटात गोळा आला. मग नोडल कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. त्यांनी पहिल्यांदाच यंत्राबद्दल प्रश्न विचारले: झडप उघडली होती का, आवाज किती वेळ आला, पडद्यावर काय दिसलं. बाबा स्वतः बोलले. इतक्या दिवसांत त्यांना कोणी हे विचारलंच नव्हतं.

३० जूनला ₹१०,००० जमा झाले. ईजेची प्रत दिली नाही, पण पत्रात लिहिलंय की संबंधित बँकेच्या ताळमेळात जादा रक्कम आढळली. म्हणजे पैसे त्या यंत्रातच पडून होते!

पण भरपाई ₹६०० दिली आहे. त्यांनी मोजणी ईमेल मिळाल्याच्या तारखेपासून केली आहे, २४ जूनपासून. माझ्या हिशेबाने ३ जून अधिक ५ म्हणजे ८ जून, आणि ३० जूनपर्यंत २२ दिवसांचा उशीर, म्हणजे ₹२,२०० व्हायला हवेत. बाबा म्हणतात, "मुद्दल मिळालं, सोड आता." मला सोडवत नाही.

सुहास_ठाणे

सोडू नका! अजिबात सोडू नका.

जुना_रोखपाल

हिशेब तुमचाच बरोबर आहे. परिपत्रकात दिवस मोजायचे ते व्यवहाराच्या तारखेपासून. तक्रारीच्या किंवा ईमेलच्या तारखेशी त्याचा संबंध नाही. त्याच ईमेल साखळीत उत्तर द्या, नवा ईमेल सुरू करू नका: "₹१,६०० बाकी आहेत, आकडेमोड अशी." पत्रात त्यांनीच जादा रक्कम मान्य केली आहे, तेच पत्र जोडा. अंशतः मान्य केलेली तक्रार ही अंशतः फेटाळलेलीच असते, तेव्हा अंतर्गत लोकपालाचा प्रश्न पुन्हा विचारा.

वैशाली_कुलकर्णी_पुणे

₹१,६०० साठी लोकपालापर्यंत? बाबांचं म्हणणं मला पटतं. त्यांना पुन्हा फोन, पुन्हा कागद. वयस्कर माणसाची झोप उडते यात.

हेडफोन_उतरवलेला

मला नाही पटत. ₹६०० देऊन प्रकरण मिटतं असं दिसलं की पुढच्या प्रत्येक ग्राहकाला ईमेलच्या तारखेपासूनच मोजून देतील. आमच्याकडे असे पायंडे असेच पडायचे.

अनघा_मिरज

बाबांशी बोलले. फोन घ्यायचे नाहीत, फक्त लेखी, आणि ते मी बघायचं, या अटीवर ते तयार झाले. आज त्याच साखळीत उत्तर पाठवते.

निनाद_गोवा

अनघाताई, काय होतं ते नक्की लिहा. आणि रोखपालकाका, यूपीआयने दुकानदाराला पैसे गेले, खात्यातून वजा झाले, पण दुकानदाराला मिळालेच नाहीत, तर तिथे ईजेसारखं काय मागायचं? आईचंच दुसरं प्रकरण आहे, वेगळा धागा काढू का?

जुना_रोखपाल

काढा. तिथे यंत्र नाही, त्यामुळे ईजे नाही. परिपत्रक तेच, आणि दुकानदाराचा व्यवहार असेल तर दिवसही ५च. पण पुरावा दुकानदाराच्या बँकेच्या नोंदीत शोधावा लागतो. येताना व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक आणि दुकानदाराच्या त्या दिवसाच्या जमा नोंदी मिळाल्या तर घेऊन या.